टीव्हीच्या काडीचा अ‍ॅडॅप्टर

आमच्या वृद्धाश्रमात टेलरबाई आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर एक बॅग होती आणि एक शिलाई मशीन. मशीन ठेवायला जागा नाही, असं मी सांगितलं. त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "तुझा डावा खांदा बोटभर खाली आहे, पोरी. म्हणून ब्लाउज सारखा घसरतो तुझा. मशीन ठेवू दे, मी नीट करून देते."

मी इथली मेट्रन. तेव्हा वय पन्नास पूर्ण. मला पोरी म्हणणारं माणूस त्याआधी दहा वर्षांत भेटलं नव्हतं. मशीन खिडकीपाशी ठेवलं गेलं, हे वेगळं सांगायला नको.

चाळीस वर्षं त्यांनी शाळेचे गणवेश शिवले होते. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, पण गावातली निम्मी पोरं आपल्या मापाची, असं त्या म्हणायच्या. टेप लावायच्याच नाहीत. बघून माप सांगायच्या आणि ते चुकायचं नाही. डोळे अधू झाले तरी हात चालायचा. इथल्या सगळ्या बायकांच्या गाऊनला त्यांनी मोठाले खिसे लावून दिले. "म्हातारपणी माणसाला दोनच गोष्टी लागतात. चष्मा आणि रुमाल. दोन्ही सापडत नाहीत," असं म्हणून स्वतःच हसायच्या. जीभ तिखट होती. स्वयंपाकीणबाईला तोंडावर सांगायच्या, "तुझं सूप आहे की भांडी धुतलेलं पाणी?" ती चिडायची, आणि दुसऱ्या दिवशी सूप जरा बरं व्हायचं.

अशी बाई एके दिवशी ताट सरकवून म्हणाली, "आता मला नको. माझं झालं." ते कशामुळे झालं हे मी सांगते. त्यात माझा हात आहे, आणि तो लपवून मला काही मिळायचं नाही.

आमच्या हॉलमध्ये मोठा टीव्ही आहे. कुणाच्या तरी मुलाने त्याला लावायची ती स्टिक भेट दिली. बोटाएवढी, टीव्हीच्या मागे खोचायची, आणि मग वायफायवरून सिनेमे, गाणी, हवं ते दिसतं. सगळे तिला काडी म्हणायचे. काडी आल्यावर रिमोटवरून अशी भांडणं सुरू झाली की माझ्या नाकी नऊ आले. शेवटी मी नियम केला. पलंगाच्या नंबराप्रमाणे रिमोटची पाळी. ज्याची पाळी त्याने त्या संध्याकाळी रिमोट धरायचा, मधल्या खुर्चीत बसायचं, आणि बाकीच्यांनी तोंड बंद ठेवायचं. नियम करण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

दुसराही एक नियम होता. दोन वर्षांपूर्वी कपडे धुण्याच्या खोलीत कुणाचा तरी मोबाइलचा चार्जर भिंतीत राहिला, तापला, वितळला आणि वर वाळत घातलेल्या चादरीने पेट घेतला. कुणाला काही झालं नाही, पण त्या धुराचा वास माझ्या नाकातून अजून गेलेला नाही. त्या दिवसापासून भिंतीत एकही चार्जर दिसता कामा नये. रोज जेवणं झाली की मी एकेका खोलीतून जायचे आणि खटाखट बटणं बंद करायचे. टीव्हीचंही.

काडीच्या खोक्यात तिला वीज द्यायची वायर होती आणि अ‍ॅडॅप्टरचा ठोकळा, भिंतीत लावायचा. मी तो बघितला आणि म्हटलं, आणखी एक चार्जर! मग टीव्हीच्या मागे वाकून पाहिलं तर तिथेच यूएसबीचं भोक. वायर त्यात खुपसली, काडी लागली, चित्र आलं. भिंतीत काही नको, टीव्ही बंद की काडी बंद. मला माझीच पाठ थोपटावीशी वाटली. ठोकळा मी ऑफिसच्या कपाटात टाकला.

सुरुवातीला ठीक चाललं. टीव्ही लावल्यावर काडी जागी व्हायला दोन मिनिटं घ्यायची, एवढंच. चालू होताना पडद्यावर इंग्रजीत काहीतरी चौकट यायची. जाहिरात असेल म्हणून मी बटण दाबून ती घालवायचे. चष्मा लावून एकदा वाचली असती तर पुढचं काहीच झालं नसतं. नाही वाचली.

मग वायफायचा डबा हॉलमधून काढून माझ्या ऑफिसात नेला, कारण येता-जाता कुणीतरी वायरीत अडखळायचं. त्यानंतर आठ-दहा दिवसांनी पहिल्यांदा टीव्ही काळा झाला.

पोस्टमनकाकांची पाळी होती. डोंगरदऱ्यांचा कुठलासा सिनेमा, चित्र अगदी लख्ख. एकदम पडदा काळा. आवाज नाही, काही नाही. तुम्ही कधी भर गर्दीत टीव्ही काळा झालेला पाहिलाय का? त्या काचेत सगळा हॉल दिसतो. अठरा म्हातारी माणसं खुर्च्यांत बसलेली, कुणी हलत नाही, सगळ्यांचे चेहरे राखेच्या रंगाचे, आणि बरोबर मध्ये रिमोट धरलेला माणूस. मिनिटभर तसंच. मग कंपनीचं चिन्ह आलं आणि काडी पहिल्यापासून सुरू झाली. काका म्हणाले, "च्यायला, मला वाटलं आपलाच फोटो लावला." सगळे हसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी झोपेत काका गेले.

हृदय आधीच कमजोर होतं, डॉक्टरांनी सांगूनच ठेवलं होतं. कुणी टीव्हीचा विचारही केला नाही. पंधरा दिवसांनी आक्कांच्या हातात असताना टीव्ही काळा झाला. आक्का तीन दिवसांनी गेल्या. तेव्हा जेवताना कुणीतरी हळूच म्हणालं, "काकांच्या वेळीही असंच झालं होतं नाही?" मी तिथेच झापलं. पण बोललेला शब्द काय परत घशात जातो? मग ड्रायव्हरदादा. धडधाकट माणूस, वयाने सगळ्यांत लहान. त्यांच्या हातात टीव्ही एका संध्याकाळी दोनदा काळा झाला, आणि त्याच आठवड्यात ते अंगणात बसल्या बसल्या गेले.

त्यानंतर रिमोट कुणी हातात घेईना. ज्याची पाळी त्याचं डोकं दुखायचं, पोट बिघडायचं. मधली खुर्ची रिकामी. एके सकाळी पाहिलं तर टेबलावर रिमोट ठेवून त्याच्यावर कुणीतरी स्टीलचा वाडगा पालथा घातलेला. उचलायला गेले तर मागून तीन-चार आवाज आले, "राहू दे बाई, राहू दे." दिवसाढवळ्या, नऊ वाजता, माझ्या हातावर काटा आला. मग मीच स्वतःवर चिडले.

मी त्यांना समजावलं. म्हटलं, अहो, टीव्ही चारदाच काळा झाला का? मला आठवतंय, अकरा वेळा तरी झाला असेल. बाकीच्या वेळी ज्यांच्या हातात रिमोट होता ते इथे समोर बसून कुरकुर करतायत! पण भीतीला हिशेब कळत नाही. "त्यांचा नंबर यायचाय ना अजून," एक आजी म्हणाल्या, आणि ज्यांच्याकडे सगळ्यांनी पाहिलं ते आजोबा रडायला लागले.

तेव्हा टेलरबाई उठल्या. "एका काडीला घाबरता? लाज वाटत नाही?" वाडगा बाजूला केला, रिमोट उचलला आणि मधल्या खुर्चीत जाऊन बसल्या. पाळी नसताना. मीच त्यांना टाळी दिली. त्यांनी जुना नाचगाण्यांचा सिनेमा लावला. पाऊण तास मजेत गेला. हळूहळू खुर्च्या पुढे सरकल्या, कुणी गाणं गुणगुणायलाही लागलं.

आणि पडदा काळा झाला.

टेलरबाई मिनिटभर त्या काचेकडे बघत राहिल्या. चिन्ह आलं तेव्हा त्यांनी रिमोट मांडीवर ठेवला आणि मला अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "पोरी, काचेत सगळे होते. मी नव्हते."

"काहीतरीच काय!"

"मापात माझी नजर चुकते का कधी? तुझ्यासकट पंधरा डोकी मोजली. मी नव्हते."

सगळे निजायला गेल्यावर मी त्या खुर्चीत जाऊन बसले. टीव्ही बंद होता. काचेत पाहिलं. रांगा दिसल्या, खिडकी दिसली, शिलाई मशीन दिसलं. मी दिसले नाही. खोटं कशाला बोलू, माझी पाचावर धारण बसली. ताडकन उठले. मग पुन्हा धीर करून बसले, मान हलवली, पुढे झुकले. खुर्ची कुणीतरी जरा डावीकडे सरकवली होती, आणि टीव्ही भिंतीवर थोडा उजवीकडे वळवलेला. बसणारा काचेच्या कडेबाहेर जात होता, एवढंच. मी ते टेलरबाईंना सकाळी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "बरं," म्हणाल्या, आणि नाश्त्याचं ताट सरकवलं. "आता मला नको. माझं झालं."

त्या दिवशी त्यांनी सुयांची डबी एका बाईला दिली, कात्री दुसरीला. मशीनवर चादर घातली. मी ओरडले, विनवलं, चमचा घेऊन तोंडाशी बसले. दोन दिवसांत चार घोट पाणी पोटात गेलं असेल. डॉक्टर म्हणाले, उद्यापर्यंत खाल्लं नाही तर हॉस्पिटलला हलवू. "हलवा," टेलरबाई म्हणाल्या, "मला काय, कुठूनही जाता येतं." त्यांचे गाल आत गेले होते. मला रडू आलं आणि त्याचा रागही आला.

तिसऱ्या दिवशी मी आमच्या वायरमनला फोन केला. पन्नाशीचा माणूस, बारीक, हळू बोलणारा. फ्यूज असो की पंखा, तोच येतो. आला की सगळ्या म्हाताऱ्या चहा-बिस्किटं घेऊन धावतात, म्हणून त्याचं नाव पडलं जावईबापू. मी त्याला फोनवर म्हटलं, "ती काडी काढा आणि विहिरीत टाका." तो म्हणाला, "येतो, बघू तर द्या आधी."

त्याने टीव्हीच्या मागे डोकं घातलं आणि तिथूनच विचारलं, "हिचा अ‍ॅडॅप्टर कुठाय?"

"कपाटात. भिंतीत चार्जर चालत नाही इथे."

तो बाहेर आला. मग त्याने टीव्ही लावला आणि ती इंग्रजी चौकट आल्यावर माझा हात रिमोटवरून बाजूला केला. "बाई, ही रोज येते?"

"येते. मी घालवते."

"वाचलीत कधी?" त्याने वाचून सांगितलं. वीज पुरेशी मिळत नाही, सोबत दिलेला अ‍ॅडॅप्टर वापरा. काडी पहिल्या दिवसापासून हेच सांगत होती, आणि मी तिचं तोंड दाबत होते.

"टीव्हीचं हे भोक पेनड्राइव्ह लावायला असतं," तो म्हणाला. "बहुतेक टीव्हीत अर्धा अँपिअर, फार तर थोडी जास्त वीज मिळते त्यातून. काडीला लागते साधारण एक. नुसती बसून असेल तर भागतं तिचं. पण चित्र लख्ख असलं, वायफाय लांब गेलं, की तिला जोर लावावा लागतो. त्या क्षणी वीज कमी पडते आणि तिला चक्कर येते. चक्कर आली की पडदा काळा, मग पुन्हा पहिल्यापासून सुरू."

"मग माणसं का गेली?" मी विचारलं. मीही कुठेतरी घाबरलेलीच होते, तेव्हाच कळलं मला.

"इथे माणसं जातात, बाई," तो हळूच म्हणाला. "टीव्ही नव्हता तेव्हाही जात होती."

हे मी टेलरबाईंना सांगितलं असतं तर त्या पुन्हा "बरं" म्हणाल्या असत्या. जावईबापू मला काही न विचारता त्यांच्या पलंगाशी गेला. "मावशी, जरा हॉलमध्ये चला. मला तुमच्यासमोर मरायचंय."

टेलरबाईंनी डोळे उघडले. चाकाच्या खुर्चीतून आणलं त्यांना. बाकीचे भिंतीला टेकून उभे. जावईबापूने मधली खुर्ची सरळ केली, त्यात बसला आणि रिमोट घेतला. वायर अजून टीव्हीच्याच भोकात. त्याने तोच नाचगाण्यांचा सिनेमा लावला, सगळ्यांत लख्ख चित्र निवडलं, पुढे पळवला, मागे पळवला. दहा मिनिटं काही नाही. हॉलमध्ये कुणी खोकतही नव्हतं. आणि पडदा काळा झाला. एक बाई किंचाळली.

"एकदा मेलो," जावईबापू म्हणाला. काचेत तो दिसत होता, रिमोट धरून. त्याने चिन्ह येऊ दिलं आणि पुन्हा तसंच केलं. तासाभरात तीन वेळा टीव्ही काळा झाला. तिसऱ्या वेळी मात्र त्याच्याही कपाळावर घाम होता, हे मी पाहिलं. त्यालाही घरी बायको आहे.

मग त्याने मला कपाटातला ठोकळा आणायला लावला. काडीची वायर टीव्हीतून काढली, ठोकळ्यात घातली आणि ठोकळा भिंतीत. "तोच सिनेमा, तीच खुर्ची, तोच माणूस. वायरीचं टोक तेवढं बदललं." पुन्हा तासभर त्याने तोच छळ मांडला. पळवला, थांबवला, उड्या मारल्या. इंग्रजी चौकट आली नाही. पडदा एकदाही काळा झाला नाही. भिंतीला टेकलेले दोघे-तिघे येऊन खुर्च्यांवर बसले.

"पटलं?" त्याने विचारलं.

टेलरबाईंनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. "तुम्ही आज तीन वेळा गेलात, जावईबापू. उद्या सकाळी चालत या. आलात तर चहा घेईन. तोवर हा माझ्याकडे," असं म्हणून त्यांनी रिमोट घेतला आणि गाऊनच्या खिशात टाकला.

"आठला येतो," तो म्हणाला.

निघताना त्याने मला दारात गाठलं. "बाई, आजची रात्र ते बटण बंद करू नका. टीव्ही रिमोटने बंद करा, पण भिंतीतलं चालू राहू द्या. काडी आपलं नवीन काय असेल ते रिकाम्या वेळी उतरवून घेते. तुम्ही रोज वीज तोडता म्हणून तिचं कित्येक महिन्यांचं तुंबलंय. ठोकळा तिच्याच खोक्यातला आहे, हात लावून बघा, कोमट आहे, गरम नाही."

मी हात लावून पाहिला. कोमटच होता. तरी जेवणं झाल्यावर मी फेरीला निघाले आणि त्या बटणापाशी येऊन उभी राहिले. बोट बटणावर. चादर पेटलेली डोळ्यांसमोर. टीव्हीच्या खाली बारीक लाल दिवा आणि मागे अंधारात ती काडी, जागी. मला ते मुळीच आवडलं नाही. सांगितलंय म्हणून ठेवलं चालू, दोनदा परत येऊन ठोकळा चाचपला, आणि शेवटी बडबडत निजायला गेले.

सकाळी साडेपाचला मी उठते, पाणी तापवायला ठेवते. बाहेर उजाडायला लागलेलं, हॉलचे पडदे ओढलेले. मी किटली हातात घेऊन चालले होते आणि हॉलमध्ये टीव्ही चालू झाला.

आपोआप. हॉलमध्ये चिटपाखरू नव्हतं. पडद्यावर निळा उजेड, रिकाम्या खुर्च्यांवर तो पडलेला, आणि कुठल्याशा सिनेमाची जाहिरात मोठ्याने वाजायला लागलेली. एक बाई हसत होती त्यात. किटली कुठे ठेवली ते आठवत नाही. मी भिंतीला धरून टीव्हीपर्यंत गेले, बाजूचं बटण चाचपलं आणि बंद केला. अंधार. काचेत मी एकटी.

मोजून दोन श्वास गेले असतील. टीव्ही पुन्हा चालू झाला. आणि आता आवाज यायला लागला, टुक. थोडं थांबून, टुक. पडद्यावरची चौकट हलत होती. कुणीतरी बटणं दाबत होतं.

मग डोक्यात लख्ख पडलं. रिमोट. रिमोट टेलरबाईंच्या खिशात आहे, आणि हा रिमोट भिंतीपलीकडूनही चालतो, तो टीव्हीकडे रोखावा लागत नाही. मी बायकांच्या खोलीत धावले. त्यांचा पलंग रिकामा. हॉलच्या भिंतीला लागून बाथरूम आहे. दार लोटलं तर अर्धंच उघडलं.

त्या दाराआड फरशीवर पडल्या होत्या. कपाळाला खोक, मनगट वाकडं, ओठ कोरडे ठाक. पोटात अन्न नसलेली बाई, उठताना भोवळ आली होती. मदतीची घंटा वॉशबेसिनपाशी, त्यांच्या हातापासून लांब. त्यांनी हाक मारली असेल तरी ती दाराबाहेर आली नसती. चांगल्या हातात रिमोट होता आणि अंगठा बटणावर.

डॉक्टर आले, सलाइन लागलं, मनगट बांधलं गेलं. अजून तास-दोन तास कळलं नसतं तर अवघड होतं, ते म्हणाले.

आठला पाच मिनिटं असताना जावईबापू आला. चालत. मी त्याला दारातच सगळं सांगितलं. तो म्हणाला, "वायर टीव्हीत असती तर टीव्हीबरोबर काडीही मेलेली असती. मेलेली काडी कुणाला जागं करणार? ठोकळ्यावर होती म्हणून रिमोट दाबल्यावर ती उठली, आणि तिने टीव्हीला उठवलं. ज्या भोकात खोचली आहे तिथूनच सांगते ती त्याला. आणि तुम्ही भिंतीतलं बटण बंद केलं असतं तर दोघंही गार."

माझ्या बोटाला ते बटण अजून जाणवत होतं.

टेलरबाईंनी जावईबापूला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "शर्ट दोन इंच मोठा आहे तुम्हाला," म्हणाल्या. मग त्यांनी चहा घेतला. मी कप धरला होता, त्या घोट घोट पीत होत्या, आणि माझे डोळे वाहत होते. पुसायला हात मोकळा नव्हता.

"बरं झालं बाई रिमोट सुचला तुम्हाला," मी म्हटलं. "मला बोलवायला."

"तुला कशाला बोलवू?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं, मी गेले. फरशी गार लागत होती, पण ते काय, गेल्यावरही लागत असेल. कळायला मार्ग नाही. मग खिशात हा लागला. म्हटलं, दाबून बघू. मेलेल्या माणसाने दाबला तर काळाच राहील ना? दाबला, आणि भिंतीपलीकडे बाई हसली. म्हटलं, आहे मी."

त्यांनी आणखी एक घोट घेतला.

"मग मधेच तो बंद झाला, पोरी. एकदम शांत. म्हटलं, झालं, आता गेले. हात सैल सोडला होता मी. काय मनात आलं, एकदा आणखी दाबला. आणि आला. मग सोडलाच नाही, दाबतच राहिले. टुक वाजलं की म्हणायचं, आहे. टुक वाजलं की म्हणायचं, आहे."

तो मध्ये बंद झाला, तो मी केला होता. माझ्या हाताने, घाबरून. हे मी त्यांना तेव्हा सांगितलं नाही. कप रिकामा झाला, तो मी विसळून ठेवला आणि त्यांच्यासाठी दुसरा चहा टाकला.